आजारी कुत्र्याचा टी४ कमी आला, म्हणजे थायरॉइडच का?

नमस्कार डॉक्टर,
आमचा गुंडू आठ वर्षांचा लॅब्रेडॉर, वजन ३८ किलो. तीन आठवड्यांपूर्वी अचानक उलट्या सुरू झाल्या, पाठ वाकवून उभा राहायला लागला. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज निघाली, पाच दिवस सलाइनवर होता. तिसऱ्या दिवशीच्या रक्तात टी४ ०.६ आला (नॉर्मल १ ते ४), टीएसएच ०.१८ (नॉर्मल ०.५ पर्यंत), कोलेस्टेरॉल ३८०. आमचे डॉक्टर म्हणाले थायरॉइड कमी आहे, गोळी जन्मभर द्यावी लागेल. दुसरे म्हणाले, आत्ता या रिपोर्टकडे बघूच नका. आजाराआधी तो कानाच्या इन्फेक्शनसाठी तीन आठवडे प्रेडनिसोलोनवर होता. पण खरं सांगायचं तर गेलं वर्षभर तो सुस्तच आहे, जाड झालाय आणि शेपटीवरचे केस विरळ झालेत. गोळ्यांची डबी आणून ठेवलीय, अजून उघडलेली नाही. कोणाचं ऐकू?

डबी तशीच बंद राहू द्या. तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं थोडं थोडं बरोबर आहे. पहिल्यांना आलेली शंका रास्त आहे, पण त्यांनी तपासणी चुकीच्या दिवशी केली. दुसऱ्यांनी दिवस बरोबर ओळखला. मात्र ‘आत्ता बघू नका’ याचा अर्थ ‘पुन्हा कधीच बघू नका’ असा तुम्ही घेऊ नका.

आधी ते ०.६ पाहू. टी४ म्हणजे थायरॉइड ग्रंथी रक्तात सोडते ते संप्रेरक. सलाइनवर असलेल्या, चार दिवस नीट न जेवलेल्या, आधी तीन आठवडे स्टेरॉइड घेतलेल्या कुत्र्याचा टी४ कमी आला, यात नवल काही नाही. कुठल्याही मोठ्या आजारात शरीर थायरॉइडचा कारभार आपणहून आवरतं घेतं. सूज आली की जी रासायनिक द्रव्यं रक्तात सुटतात, ती मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला गप्प बसवतात, त्यामुळे थायरॉइडला ‘बनव’ असा हुकूम कमी जातो. रक्तात टी४ला धरून ठेवणारी प्रथिनं कमी होतात. आणि शरीरात टी४पासून जो कामाचा टी३ बनायचा, त्याच्याऐवजी रिव्हर्स टी३ नावाचा निकामी जुळा जास्त बनतो. ग्रंथी मात्र धडधाकट असते. आजार ओसरला की आकडे आपोआप वर येतात. स्टेरॉइडचाही परिणाम असाच होतो. म्हणजे गुंडूच्या बाबतीत टी४ खाली ओढणारे दोन हात आधीच होते. तिसरा हात खऱ्या थायरॉइडचा आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

हे किती वेळा घडतं? थायरॉइड सोडून दुसऱ्याच आजारांनी आजारी असलेल्या २२३ कुत्र्यांवरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३१ टक्के कुत्र्यांचा टी४ कमी निघाला, म्हणजे जवळजवळ तिघांत एकाचा. आजार जितका गंभीर, तितका टी४ खाली. पॅन्क्रियाटायटिससाठी पाच दिवस दवाखान्यात राहावं लागणं हा काही किरकोळ आजार नव्हे.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिच्यापाशीच होतो. आजारी कुत्र्याचा टी४ नॉर्मल आला तर त्या रिपोर्टवर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. कमी आला तर ठेवता येत नाही. आजाराच्या ओढीनंतरही आकडा नॉर्मलमध्ये टिकला, तर ग्रंथी काम करतेय असं जवळजवळ धरून चालावं. एक अपवाद आहे. काही कुत्र्यांच्या रक्तात टी४विरुद्ध अँटिबॉडी असतात आणि त्या मशीनला फसवून आकडा खोटा फुगवतात, पण असं क्वचितच होतं. गुंडूचा टी४ त्या दिवशी २ आला असता तर मी तुम्हाला थायरॉइड विसरून जा म्हणालो असतो. ०.६ आल्यामुळे मला काहीच ठाम म्हणता येत नाही.

मग टीएसएच? पिट्यूटरीकडून थायरॉइडला जाणारा हुकूम म्हणजे टीएसएच. ग्रंथी खरीच बिघडली असेल तर पिट्यूटरी ओरडून ओरडून हुकूम सोडते आणि टीएसएच चढतो. गुंडूचा ०.१८ आहे, चढलेला नाही. हे आजारामुळे टी४ पडल्याच्या बाजूने बोलतं खरं, पण पुरावा म्हणून ते कच्चं आहे. कारण थायरॉइड खरोखर कमी असलेल्या साधारण दर चौथ्या कुत्र्याचा टीएसएचही नॉर्मलच येतो. शिवाय स्टेरॉइड आणि आजार दोन्ही पिट्यूटरीला दाबतात, त्यामुळे एरवी चढला असता तो टीएसएचही त्या दिवशी दबलेला असू शकतो. उलट बाजूही सांगून ठेवतो. आजारातून उठताना पिट्यूटरी जागी होते आणि काही दिवस टीएसएच नॉर्मलच्या वर जाऊ शकतो. मघाच्या अभ्यासातही ८ टक्के कुत्र्यांचा टीएसएच जास्त होता, आणि थायरॉइडचा आजार त्यांना नव्हता. म्हणून घरी येऊन दहाव्या दिवशी घाईने पुन्हा रक्त काढलंत तर हातात आणखी एक फसवा रिपोर्ट येईल.

कोलेस्टेरॉलचा पुरावाही असाच दोन्हीकडे झुकतो. थायरॉइड कमी असलेल्या बहुतेक कुत्र्यांचं कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी त्याला धरलं असणार. पण पॅन्क्रियाटायटिसमध्येही रक्तातली चरबी वाढलेली असते. त्यात आणखी एक पेच आहे. थायरॉइड कमी असेल तर चरबी वाढते, आणि वाढलेली चरबी पॅन्क्रियाटायटिसला निमंत्रण देऊ शकते. म्हणजे थायरॉइडमुळेच हा आजार आला असेल का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचं उत्तर मिळेल, फक्त आज नाही.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य. ते कुठल्याही लॅबने छापलेलं नाही. ‘गेलं वर्षभर तो सुस्तच आहे.’ पॅन्क्रियाटायटिस तीन आठवड्यांपूर्वीचा, प्रेडनिसोलोन त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांतलं. वर्षभराची सुस्ती आणि शेपटीचे केस या दोघांच्याही खात्यावर टाकता येत नाहीत. कुत्र्यात थायरॉइड हळूहळू, महिनोन् महिने जातो, आणि त्याच्या खुणाही अशाच सावकाश येतात. म्हणून माझी शंका जिवंत आहे. मात्र थोडं बारकाईनं बघा. शेपटी उंदरासारखी उघडी पडलीय का? कुशीवरचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच गेलेत का? तो खाजवतो का? थायरॉइडमध्ये केस जातात पण सहसा खाज नसते. खाज असेल तर ॲलर्जी किंवा त्वचेचं इन्फेक्शन आधी बघायला हवं, आणि कान वारंवार बिघडणाऱ्या कुत्र्यात ॲलर्जीचा संशय मला तसाही येतोच. लॅब्रेडॉर जाड असणं हा पुरावा मी धरत नाही. ही जात खाण्यासाठीच जन्माला आली आहे. खाणं वाढवून न देताही वजन चढत गेलं असेल तरच त्याला अर्थ आहे.

आणखी एक प्रश्न: पाणी किती पितो? हा प्रश्न मी हल्ली कधीच चुकवत नाही, कारण एकदा चुकवला होता. दहा वर्षांची स्पिट्झ मादी माझ्याकडे आली होती. दोन्ही कुशी उघड्या, अंगाने जड, पायऱ्या चढायला नाराज. टी४ ०.७, टीएसएच नॉर्मल. मी थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. सहा आठवड्यांत कुशीवर बारीक लव दिसायला लागली आणि मी स्वतःवर खूश झालो. चौथ्या महिन्यात मालकीणबाई म्हणाल्या, वाडगा दिवसातून चारदा भरावा लागतो. तेव्हा मी तिला टेबलावर नीट उभं केलं. पोट खाली लोंबलेलं, पोटावरची कातडी इतकी पातळ की निळ्या शिरा मोजाव्यात. तो कुशिंगचा आजार होता, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त बनत होतं. कुशिंगमध्येही केस जातात, कुत्रं सुस्तावतं, कोलेस्टेरॉल चढतं आणि टी४ पडतो. थायरॉइडमध्ये मात्र तहान वाढत नाही. मी जुना कागद काढून पाहिला. पहिल्याच भेटीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘पाणी जरा जास्त पिते.’ लिहून घेतलं होतं, वाचलं मात्र नव्हतं.

मग लव का आली? थायरॉइड संप्रेरक बाहेरून दिलं की केसांची मुळं जागी होतात, ग्रंथी ठीक असली तरीही. म्हणून ‘गोळीने केस आले, म्हणजे थायरॉइडच होता’ हा युक्तिवाद टिकत नाही. डबी उघडू नका म्हणण्यामागचं एक कारण हे.

दुसरं कारण असं की गोळी सुरू झाली की खरं-खोटं करण्याची वाट बंद होते. बाहेरून टी४ येऊ लागला की पिट्यूटरी हुकूम सोडणं थांबवते आणि धडधाकट ग्रंथीही झोपी जाते. पुढे सहा महिन्यांनी ‘हे खरंच होतं का’ असं वाटलं तर गोळी बंद करून सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय तपासणीला अर्थ उरत नाही. आजारामुळे टी४ पडलेल्या कुत्र्याला तो बाहेरून दिल्याने ते लवकर बरं होतं असंही दिसलेलं नाही. उलट, आजारी कुत्र्यात हृदयाचा किंवा ॲड्रिनल ग्रंथीचा एखादा आजार लपलेला असेल तर गोळीने शरीराचा वेग वाढवणं महागात पडू शकतं. याच्या तुलनेत थांबण्यात तोटा फारसा नाही. वर्षभर चाललेल्या गोष्टीत आणखी दीड महिन्याने काही बिघडत नाही.

तर तारीख कशी ठरवायची? दोन घड्याळं लावा. एक, गुंडू पूर्ववत जेवायला आणि फिरायला लागल्याच्या दिवसापासून. दुसरं, प्रेडनिसोलोनच्या शेवटच्या गोळीपासून. जे उशिरा सुरू झालं त्याच्यापासून सहा आठवडे मोजा आणि मग रक्त काढा. कानात घालायच्या बहुतेक थेंबांतही स्टेरॉइड असतं आणि ते कातडीतून रक्तात उतरतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. थेंब चालू असतील तर घड्याळ तिथूनच. कानासाठी सल्फा गटातली अँटिबायोटिक दिली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. सल्फाचं औषध काही आठवडे चाललं तर ते ग्रंथीचं कामच अडवतं, टी४ पडतो आणि टीएसएच चढतो. रिपोर्ट खऱ्या थायरॉइडची हुबेहूब नक्कल दिसतो. औषध थांबलं की तो हळूहळू निवळतो. फिटसाठी दिलं जाणारं फेनोबार्बिटोनही टी४ खाली आणतं, पण ते स्वतःच्या मनाने बंद करायचं औषध नाही.

रक्त काढायला जाताना रात्रीपासून उपाशी न्या, म्हणजे कोलेस्टेरॉल नीट वाचता येईल. एकाच नमुन्यातून टी४, टीएसएच आणि फ्री टी४ सांगा. फ्री टी४ म्हणजे प्रथिनांना न चिकटलेला, मोकळा टी४. आजारात तो एकूण टी४पेक्षा कमी डगमगतो, पण तो ‘इक्विलिब्रियम डायलिसिस’ पद्धतीने केलेला असेल तरच. साध्या मशीनवर केलेला फ्री टी४ एकूण टी४हून फार वेगळं काही सांगत नाही, उगीच पैसे जातात. आणि डायलिसिसवाला फ्री टी४सुद्धा जबर आजारात पडतोच, म्हणून आजारपणात तो करून काम भागलं असतं असंही नाही.

आणखी एक खोड सांगतो. रिपोर्टवर जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती कुत्र्याची आहे ना, एवढं बघा. माणसाचा टी४ साधारण ५ ते १२ असतो, कुत्र्याचा १ ते ४. माणसांच्या लॅबमध्ये नमुना गेला आणि रेंज माणसाची छापली, तर २.५ असलेल्या ठणठणीत कुत्र्यासमोरही ‘कमी’ असा शिक्का बसतो. टीएसएचचं तर त्याहून वाईट. माणसाच्या टीएसएचचं किट कुत्र्याचा टीएसएच ओळखतच नाही, त्याला कुत्र्याचंच किट लागतं. तुमची रेंज १ ते ४ लिहिलेली आहे, म्हणजे लॅब बरोबर दिसते. पुढच्या वेळीही तीच लॅब धरा, म्हणजे दोन रिपोर्ट शेजारी ठेवता येतील.

सहा आठवड्यांनी काय येईल? समजा टी४ १.८ आला. मग तिसऱ्या दिवशीचं ०.६ आजाराचं होतं, विषय संपला, आणि सुस्तीचं कारण दुसरीकडे शोधायचं: वजन, सांधे, कुशिंग. समजा टी४ पुन्हा ०.६, फ्री टी४ कमी आणि टीएसएच ०.९. ठणठणीत कुत्र्यात हे तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर मी शंका घेत नाही. तेव्हा डबी उघडा. सुरुवातीचा डोस किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. गुंडूच्या वजनाला तो पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास जातो. घरात कुणी माणूस थायरॉइडची गोळी घेत असेल तर हा आकडा बघून दचकाल, कारण माणसाला त्याचा लहानसा हिस्सा पुरतो. कुत्रं टी४ फार भराभर संपवतं, म्हणून डोस मोठा आणि दोनदा. सहा आठवड्यांनी गोळी दिल्यापासून चार ते सहा तासांनी रक्त तपासून डोस बसवतात.

तिसरी शक्यता अवघड, आणि तीच बऱ्याचदा वाट्याला येते. टी४ ०.९, फ्री टी४ काठावर, टीएसएच नॉर्मल. इथे ग्रंथीतल्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी उपयोगी पडते. ती पॉझिटिव्ह आली तर शरीर स्वतःच ग्रंथीवर हल्ला करतंय असा अर्थ. ग्रंथी किती उरलीय हे ती सांगत नाही, पण तुमच्या शंकेला बळ देते. निगेटिव्ह आली म्हणून सुटलात असं नाही, कारण थायरॉइड गेलेल्या जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत ती निगेटिव्हच असते. जिथे ग्रंथीचा आयसोटोप स्कॅन होतो तिथे तो सगळ्यात स्पष्ट उत्तर देतो. आजारामुळे टी४ पडलेली ग्रंथी स्कॅनमध्ये चमकते, खरी बिघडलेली जवळजवळ दिसतच नाही. स्कॅनची सोय नसेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. खरा थायरॉइड दरम्यान आणखी खाली जातो, उसना नाही.

थांबा म्हणतोय त्याला एकच अपवाद. थायरॉइड खरोखर गेलेलं कुत्रं एखाद्या दुसऱ्या आजाराने कोलमडलं तर क्वचित ते बेशुद्धीच्या काठावर जातं. अंग गार पडतं, तरी कुडकुडत नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, हाक मारली तर डोळे उघडत नाही. तिथे रिपोर्टची वाट न बघता दवाखान्यात टी४ शिरेतून देतात. गुंडू तसा असता तर तो पाच दिवसांत घरी आला नसता.

तोवर तुम्ही दोन कामं करा. शेपटीचा आणि दोन्ही कुशींचा फोटो आजच, दिवसाच्या उजेडात काढून ठेवा, म्हणजे दीड महिन्याने आठवणीवर भिस्त नको. आणि प्रेडनिसोलोन थांबून दोन आठवडे होऊन गेले असतील तर त्याने स्वतः वाढवलेली तहान ओसरलेली असेल. तेव्हा तीन दिवस गुंडूचं पाणी मापाने भरा. ३८ किलोच्या कुत्र्याने दिवसाला पावणेचार लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर थायरॉइडच्या आधी डॉक्टरांना कुशिंगची आणि साखरेची तपासणी करायला सांगा.